‘घेऊ की’ म्हणणारे आणि खरंच घेणारे

लाकडी घाण्याचं तेल विकणारी दुकानं गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या तालुक्यांच्या गावांत पुन्हा दिसू लागली आहेत. पूर्वी बैल फिरायचा तिथे आता विजेची मोटर आहे, पण खाली लाकडाची उखळ आणि त्यात फिरणारी लाट तीच आहे. असा घाणा टाकायला निघालेला तरुण बँकेत जातो किंवा जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढतो, तेव्हा त्याच्याकडे प्रोजेक्ट रिपोर्ट मागितला जातो. २००८ पासून चालू असलेला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम असो की २०१९ मध्ये सुरू झालेला राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, हा कागद चुकत नाही. त्यात यंत्राचं कोटेशन असतं, जागेचा भाडेकरार असतो, पाच वर्षांचा नफा-तोटा असतो. आणि मधे कुठेतरी दीड-दोन पानांचं एक प्रकरण असतं : बाजारपेठेचा अभ्यास.

बहुतेक अहवालांत हे प्रकरण सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईत लिहिलं जातं. कोटेशन यंत्र विकणारा देतो, आकडेमोड सीए करून देतो. बाजाराचं पान मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी अहवालातून उचललेलं असतं. ‘आरोग्याविषयी जागरूकता वाढल्यामुळे शुद्ध तेलाला प्रचंड मागणी आहे’ हे वाक्य त्यात हमखास सापडतं. ते खोटं नसतं. पण त्यावरून महिन्याला किती लिटर तेल खपेल, हे मात्र कळत नाही, आणि कर्जाचा हप्ता फिटणार तो त्या लिटरांवर.

हे प्रकरण नीट लिहायचं म्हणजे काय करायचं, हे एका उदाहरणातून बघू. ४५ हजार वस्तीचं एक तालुक्याचं गाव आणि तिथे दोन घाणे टाकायचा बेत, असं धरून चालू. गाव आणि पुढचे सर्वेक्षणाचे आकडे नमुन्यादाखल घेतलेले आहेत, हिशेबाची रीत खरी आहे.

आधी यंत्र किती तेल काढतं ते बघायला हवं. घाण्यात एका वेळी सुमारे १६ किलो शेंगदाणे पडतात आणि साधारण तासाभरात ती खेप निघते. भरणं, काढणं, साफ करणं धरून दिवसाला सहा खेपा म्हणजे ९६ किलो शेंगदाणे. लाकडी घाण्यात दाण्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के तेल सुटतं, बाकीची पेंड. म्हणजे दिवसाला ३८ किलो तेल. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते मापाने ४२ लिटरच्या आसपास भरतं. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका घाण्याचं तेल १,१०० लिटरला थोडं कमी, दोन घाण्यांचं २,२०० लिटरला थोडं कमी.

आता नेहमीच्या अहवालात मागणीचा अंदाज कसा येतो ते पाहा. गावात दहा हजार कुटुंबं. एका कुटुंबाला महिन्याला साडेचार लिटर तेल लागतं, म्हणजे गावाची गरज ४५ हजार लिटर. ‘यापैकी फक्त पाच टक्के बाजार आपण मिळवला तरी २,२५० लिटर’ अशी ओळ येते आणि हिशेब संपतो. दोन घाण्यांचं तेलही साधारण तेवढंच निघतं. हा योगायोग नसतो. आधी किती घाणे घ्यायचे ते ठरलेलं असतं, मग ते पूर्ण चालावेत म्हणून टक्केवारी मागे मोजत आणलेली असते. अनुभवी बँक अधिकारी पहिल्यांदा हेच तपासतो : मागणीचा आकडा आणि यंत्राची क्षमता एकमेकांना इतकी तंतोतंत जुळते कशी? पाच टक्केच का, तीन का नाही, एक का नाही, याचं उत्तर अहवालात नसेल तर ते पान त्याच्या दृष्टीने कोरंच राहतं.

त्या साडेचार लिटरच्या आकड्यातही एक खड्डा आहे. भारतात दरडोई खाद्यतेलाचा वापर वर्षाला १९-२० किलो असल्याचं वारंवार छापून येतं. तो आकडा बरोबर आहे, पण त्यात हॉटेलं, फरसाणवाले, बिस्किटांचे कारखाने सगळं येतं. घरांच्या खर्चाची सरकारी पाहणी बघितली तर घरात येणारं तेल माणशी वर्षाला दहा-बारा किलोच भरतं. साडेचार माणसांच्या कुटुंबाला महिन्याला साडेचार लिटर हे त्या हिशेबाने ठीक आहे. पण कुणी १९-२० किलो धरून चालला, तर गावाची गरज पहिल्याच ओळीत जवळजवळ दुप्पट होऊन बसते आणि पुढची प्रत्येक ओळ ती चूक घेऊनच पुढे जाते.

आता ग्राहक. गावातली दहाही हजार कुटुंबं घाण्याच्या तेलाची गिऱ्हाइकं नाहीत, हे उघड आहे. रिफाइंड सोयाबीन तेलाच्या साधारण दुप्पट भावाने हे तेल विकावं लागतं, कारण एक लिटर तेलाला सव्वादोन किलोहून जास्त शेंगदाणे लागतात. तो भाव कोणती घरं देतात? हे विचारायला घरोघर जावं लागतं, आणि इथे पहिला प्रश्न येतो की किती घरं.

लोकांना वाटतं की गाव मोठं तर नमुना मोठा. गणित तसं चालत नाही. शंभरातली किती घरं अमुक करतात, हे पाच टक्के इकडे-तिकडे एवढ्या नेमकेपणाने आणि ९५ टक्के खात्रीने सांगायचं असेल, तर संपूर्ण महाराष्ट्रातल्या दोन कोटींहून जास्त कुटुंबांसाठी सुमारे ३८५ घरांचा नमुना लागतो. आणि या दहा हजार कुटुंबांच्या गावासाठी? ३७०. फरक नगण्य. नमुन्याचा आकार ठरतो तो किती नेमकं उत्तर हवं यावरून. नेमकेपणा दुप्पट हवा तर घरं चौपट लागतात. दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर शंभराच्या आत-बाहेर घरं पुरतात. छोट्या उद्योजकाने शंभर घरं नीट करणं हे चारशे घरं कशीतरी उरकण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

‘नीट’ या शब्दावर इथे सगळं अवलंबून आहे. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून साप्ताहिकाने लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. मतपत्रिका पाठवायचे पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार बाळगणारे म्हणजे सगळा देश नव्हे. शिवाय आपणहून उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांच्या मतांतही फरक होता. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला.

आजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ही चूक व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने येते. फॉर्म तयार होतो, मित्रांच्या आणि वर्गमित्रांच्या ग्रुपवर पडतो, दोन दिवसांत तीनशे उत्तरं येतात. त्यात पुण्यात नोकरी करणारे निम्मे, गावातले बरेचसे एकाच आळीचे, आणि घरात तेल कोण आणतं हे ठाऊक नसलेले अविवाहित तरुण भरपूर. अशी तीनशे उत्तरं तीन हजार केली तरी ती गावाची होत नाहीत.

शंभर घरं निवडायची रीत साधी आहे, फक्त कष्टाची आहे. गावाच्या प्रत्येक प्रभागातून त्याच्या वस्तीच्या प्रमाणात घरं घ्यायची. प्रभागातल्या गल्ल्यांच्या चिठ्ठ्या टाकून गल्ली निवडायची, आणि त्या गल्लीत ठरवून दर दहावं घर करायचं. घराला कुलूप असेल तर शेजारच्या उघड्या घरात शिरायचं नाही, संध्याकाळी किंवा रविवारी परत यायचं. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि त्याची किंमतही सगळ्यात जास्त पडते. दुपारी उघडी असणारी घरं आणि नवरा-बायको दोघंही नोकरीला जातात म्हणून बंद असणारी घरं यांचा तेलावरचा खर्च सारखा नसतो. महाग तेल घेणारी बरीच घरं नेमकी त्या कुलपांमागे असतात.

घरात गेल्यावर काय विचारायचं? ‘शुद्ध घाण्याचं तेल मिळालं तर घ्याल का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं : ‘घेऊ की, का नाही.’ दारात आलेल्या गावच्या पोराला कोण नाही म्हणणार? त्यात तेल शुद्ध, म्हणजे नाही म्हटलं तर आपण घरच्यांच्या तब्येतीला जपत नाही असं दिसणार. आपल्या उदाहरणात शंभरपैकी ४० घरांनी ‘घेऊ’ म्हटलं असं समजा. भाव सांगितल्यावर त्यातली २२ उरली. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एफ. थॉमस जस्टर यांनी १९६६ मध्ये यावर एक उपाय मांडला. हो-नाही विचारूच नये, खरेदीची शक्यता शून्य ते दहा अशा पट्टीवर विचारावी. त्याने उत्तरं बरीच खाली येतात. ‘दहात किती?’ म्हटल्यावर ‘पाच-सहा’ म्हणणारी बाई मघाशी ‘घेऊ की’ म्हणाली होती.

त्याहून भरवशाचा प्रश्न भविष्याऐवजी भूतकाळाचा असतो. ‘गेल्या खेपेला कोणतं तेल आणलं? कुठून? केवढ्याला?’ आणि शक्य असेल तर ‘जरा दाखवता का?’ मग ओट्याखालून पाच लिटरचा कॅन पुढे येतो, किंवा कोपरा कापून वाटीत उभी केलेली लिटरची पिशवी, किंवा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. डबा घेणारं घर तेल भावावर घेतं, भाव उतरला की वर्षभराचं भरतं. आठवड्याला एक पिशवी आणणारं घर हातातल्या पैशांप्रमाणे चालतं. घाण्याच्या तेलाची काचेची बाटली सापडली तर तिच्या शेजारी बहुधा रिफाइंडचा कॅनही असतो : फोडणीला आणि चटणीवर घालायला घाण्याचं, तळणाला रिफाइंड. ही दोन भांडी शेजारी शेजारी बघितल्याशिवाय ‘घाण्याचं तेल घेणारं घर महिन्याला साडेचार लिटर घेईल’ ही चूक लक्षात येत नाही. असं घर घाण्याचं तेल साधारण दोनच लिटर घेतं.

शंभरपैकी आठ घरांत गेल्या तीन महिन्यांत घाण्याचं तेल खरोखर विकत आलं होतं, असं धरू. म्हणजे आठ टक्के. आता नमुना किती लहान आहे ते इथे जाणवतं. शंभरात आठ सापडले तर गावातलं खरं प्रमाण चार टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे ४०० घरं किंवा १,५०० घरं. महिन्याला दोन लिटरप्रमाणे ८०० लिटर किंवा ३,००० लिटर. अहवालात नुसतं ‘८०० घरं, १,६०० लिटर’ असं लिहिणं म्हणजे मधला आकडा दाखवून दोन्ही टोकं झाकणं. टोकं लिहावीत, बँकेला त्यातलं खालचं टोक हवं असतं.

या टोकांपैकी सत्य कुठल्या बाजूला आहे हे सांगण्याचं काम स्पर्धकांचा अभ्यास करतो. तो नेहमी ‘गावात दोन घाणे आहेत, परंतु आमची गुणवत्ता अधिक चांगली राहील’ या एका वाक्यात उरकला जातो, आणि ही मोठी चूक आहे. गावात आधीच चालू असलेले दोन घाणे म्हणजे गावाच्या मागणीचं फुकट मिळालेलं मोजमाप आहे. त्यांचा खप कळला की गाव आज किती तेल घेतं ते कळतं.

घाणेवाला आपला खप सांगणार नाही, पण पेंड सांगते. घाण्यातून निघालेली पेंड गाई-म्हशींना घालतात. ती घेणारे दूधवाले आणि पशुखाद्याचे दुकानदार गावात मोजकेच असतात, आणि महिन्याला किती पोती उचलली हे सांगायला त्यांना काही अडचण नसते. समजा, एका घाण्यावरून महिन्याला ६०० किलो पेंड उठते. दाण्याच्या वजनाच्या साधारण ५८ टक्के पेंड निघते असं धरलं तर त्या घाण्यात हजार किलोंच्या थोडे वर शेंगदाणे पडले. त्याचं ४० टक्के तेल म्हणजे ४१४ किलो, मापाने साधारण ४५० लिटर. दुसरा घाणा छोटा आहे. तिथे याच रीतीने ३५० लिटर येतात. दोन्ही मिळून ८००. शिवाय एक कामाचा दिवस आणि एक रविवार समोरच्या टपरीवर बसून गिऱ्हाइकं मोजली, की हा आकडा बरोबर आहे की नाही ते कळतं.

सर्वेक्षणाचा मधला अंदाज १,६०० होता आणि विकणाऱ्यांकडून आलेला आकडा ८००. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे दुपटीने चुकतात तेव्हा सोयीचा निवडण्याचा मोह होतो. इथे आपण काय बघितलं ते आठवावं. घरांनी सांगितलेल्यात थोडी फुगवणूक असणारच. काही तेल शहरातून किंवा ऑनलाइन येत असेल, ते गावातल्या घाण्यांच्या हिशेबात नाही. आणि सर्वेक्षण अश्विनात, दिवाळीच्या फराळाच्या तोंडावर केलं असेल तर खप वर्षाच्या सरासरीपेक्षा जास्त दिसतो. हे सगळं धरून गावाचा खप हजार लिटरच्या आसपास मानणं रास्त आहे. तिसरा घाणा उघडला तर पहिल्या वर्षी त्याला त्यातला तिसरा हिस्सा, फार चांगलं चाललं तर निम्मा. म्हणजे साडेतीनशे ते पाचशे लिटर. एका घाण्याच्या निम्म्या क्षमतेपेक्षाही कमी. २,२५० लिटरचा अहवाल लिहून कर्ज काढलेला माणूस सहा महिन्यांत कुठे पोचला असता, ते यावरून दिसतं.

खरी स्पर्धा मात्र त्या दोन घाण्यांची नाहीच. ती भुसार दुकानातल्या पाच लिटरच्या कॅनची आहे, आणि आणखी एकाची, जो अहवालात कधीच नसतो. शंभर घरं फिरताना काही ठिकाणी ‘तेल कुठून आणलं?’ याचं उत्तर येतं : ‘आणत नाही, घरचं आहे.’ शेतातले शेंगदाणे फोडून, पोतं गाडीवर टाकून, शेजारच्या तालुक्याला जाऊन तेल काढून आणणारी ही घरं. आपल्या नमुन्यात अशी १४ निघाली असं समजा. विकतचं तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त! तयार छापील प्रश्नावलीत यांच्यासाठी रकानाच नसतो. त्यांची नोंद ‘ग्राहक नाही’ अशी होते.

पण घाणेवाल्याच्या दृष्टीने ते ग्राहकच आहेत, फक्त ते तेल नव्हे तर घाण्याचं काम विकत घेतात. शंभरात चौदा म्हणजे गावात ढोबळमानाने हजार-दीड हजार घरं. त्यातल्या साडेचारशे घरांनी शेजारच्या तालुक्याची फेरी वाचवायला इथे पोतं आणलं आणि प्रत्येकाने वर्षाला ४० किलो दाणे आणले, तर १८ हजार किलो दळायचे होतात. दिवसाला ९६ किलोच्या हिशेबाने एका घाण्याचं जवळजवळ १९० दिवसांचं काम. ते वर्षभर सारखं येत नाही. खरिपाचा भुईमूग निघाल्यावर दिवाळीच्या मागे-पुढे, आणि उन्हाळी भुईमूग निघाल्यावर मे-जूनमध्ये, अशी झुंबड उडते. त्या तीन-चार महिन्यांत दोन्ही घाणे लागतील. बाकीच्या काळात दुसरा घाणा उभा राहील.

यामुळे अहवालातलं फक्त बाजाराचं पान बदलत नाही, कर्जाची मागणीच बदलते. स्वतःचं तेल काढून विकायचं तर एका घाण्याला महिन्याला अडीच टन शेंगदाणे आधी रोखीने घ्यावे लागतात. दाण्याचा भाव किलोला १२० रुपये धरला तर तीन लाख रुपये नुसते मालात अडकतात, आणि बाटल्या शेल्फवर राहिल्या तर ते तिथेच अडकून बसतात. दुसऱ्याचं पोतं घाण्यात घालायला हे खेळतं भांडवल लागत नाही. मजुरी रोख मिळते, कधी तिच्या बदल्यात पेंड ठेवून घेता येते. पण लिटरमागे सुटणारा पैसा कमी, आणि हंगामात रात्री दहापर्यंत काम. एकाच यंत्रावर दोन वेगळे धंदे आहेत, आणि या गावात कोणता किती चालेल याचा सुगावा त्या चौदा घरांत लागला.

सुधारलेलं प्रकरण मग असं होतं : सुरुवातीला एकच घाणा, पहिल्या वर्षी स्वतःच्या तेलाचा खप महिन्याला ३५० ते ५०० लिटर, हंगामात गिऱ्हाइकाचे दाणे दळण्याचं काम, त्याची वेगळी मोजणी, दुसरा घाणा पहिल्या हंगामातली रांग बघून. प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला हे लिहिलेलं : किती घरं, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रभागांत, किती कुलपं शेवटपर्यंत उघडली नाहीत, पेंडेचा हिशेब कुणाकडून. कर्जाचा हप्ता ३५० लिटरवर आणि थोड्या मजुरीवर निघतो का, हे त्याच पानावर करून दाखवलेलं.

एक शंका तरीही उरते. आठ घरं आज तेल घेतात ती त्यांच्या ओळखीच्या घाण्यावरून. ती नव्याकडे येतील की नाही, हे कोणतंही सर्वेक्षण सांगत नाही. त्यासाठी यंत्र घेण्याआधी, अन्न परवान्याची नोंदणी करून, दुसऱ्या गावच्या घाण्याचं पन्नास लिटर तेल आणून महिनाभर विकून बघता येतं. पहिल्या खेपेचं तेल नातेवाईक आणि मित्र घेतात, त्यामुळे त्याची मोजणी करण्यात अर्थ नाही. दुसरी बाटली कुणी मागितली, न विचारता मागितली की आठवण करून दिल्यावर, आणि पहिल्या बाटलीनंतर किती दिवसांनी, एवढं वहीत लिहावं. महिन्याला दोन लिटर हा अंदाज खरा असेल तर लिटरची बाटली नेलेलं घर पंधरा-वीस दिवसांत परत यायला हवं. ते दीड महिन्याने आलं, तर ३५० लिटरचा आकडाही अजून खाली आणावा लागेल, आणि तो अहवाल बँकेत देण्याआधीच आणलेला बरा.